गेटवरच्या रजिस्टरातली सही

यवतमाळजवळच्या लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत पाइप बनवणारी एक कंपनी आहे. तिच्या कॅन्टीनमध्ये मी साडेतीन वर्षं स्वयंपाक केला. आम्ही पाच बायका होतो. पोळ्या काकूंच्या हातच्या. काकू कळंबच्या, लेकीकडे राहायला म्हणून यवतमाळला आलेल्या आणि बसून खायची सवय नसल्यामुळे कामाला लागलेल्या. लोहाऱ्यातल्याच दोघी सख्ख्या जावा भाज्या चिरणं आणि भांडी पाहायच्या. पाचवी सगळ्यांत लहान, म्हणून तिला आम्ही धाकटी म्हणायचो. वरण-भात तिचा आणि दिवसभराच्या गप्पाही तिच्याच. भाजीला फोडणी माझी. मला सगळ्या भाभी म्हणायच्या. आमच्या घरी बोली हिंदी-उर्दूची, पण माझी शाळा मराठी, त्यामुळे अर्ज लिहायचा, फॉर्म भरायचा म्हटलं की काम आपोआप माझ्याकडे यायचं.

कंपनीने कॅन्टीन नागपूरच्या एका कंत्राटदाराला दिलेलं होतं. आमचा पगार कंत्राटदार द्यायचा. तो स्वतः महिन्यातून एकदा यायचा. बाकी दिवस त्याचा सुपरवायझर. माणूस वाईट नव्हता. आपली पोळी स्वतः शेकून घ्यायचा, काकूंना आत्या म्हणायचा. पगार आमच्या चौघींच्या बँक खात्यात यायचा. काकूंचं खातं नव्हतं, त्यांना पाकिटात रोख मिळायचा. आम्हाला विमा योजनेचं कार्डही होतं, काकूंना तेही नव्हतं. "तुमचं नाव नंतर टाकू," असं म्हणत साडेतीन वर्षं गेली आणि काकूंनीही कधी विचारलं नाही.

मग एका महिन्याचा पगार आला नाही. सुपरवायझर म्हणाला, कंपनीकडून बिल निघालं नाही, पुढच्या महिन्यात दोन्ही एकदम येतील. पुढच्या महिन्यात काहीच आलं नाही. तरी आम्ही जात राहिलो. शंभर-सव्वाशे माणसांचं जेवण म्हणजे काय, हे ज्यानं केलं त्यालाच कळतं. एक दिवस चूल थंड ठेवायची म्हटली तरी हात धजत नाही. तिसरा महिना लागून नऊ दिवस झाले असतील. दहाव्या दिवशी सकाळी गेटवर गेलो तर वॉचमनने थांबवलं.

"भाभी, कॅन्टीनचं कंत्राट बदललं," तो म्हणाला. "आजपासून दुसरी माणसं आहेत. तुमची नावं यादीत नाहीत."

आतून फोडणीचा वास येत होता. मोहरी जळाली होती. त्या जळलेल्या मोहरीचा मला सगळ्यांत जास्त राग आला, हे आज आठवून हसू येतं.

आम्ही तिथेच रस्त्याच्या कडेला उभ्या राहून कंत्राटदाराला फोन लावले. त्याने उचलला नाही. दुपारी धाकटीच्या नवऱ्याच्या फोनवरून लावला तेव्हा उचलला. मी बोलले. दोन महिने नऊ दिवसांचे पैसे, म्हटलं. तो शांतपणे म्हणाला, "बाई, त्या दोन महिन्यांत तुम्ही माझ्याकडे कामाला होत्या याचा पुरावा काय? मी तर माणसं आधीच कमी केली होती." आणि फोन ठेवला.

त्या दुपारी मी एक मूर्खपणा केला. कॅन्टीनचा आमचा व्हॉट्सॲपचा एक ग्रुप होता. रागाच्या भरात मी ग्रुपमधून बाहेर पडले आणि सगळा ग्रुप मोबाइलमधून काढून टाकला. त्या माणसाचं तोंडसुद्धा बघायचं नाही, असं काहीतरी डोक्यात होतं.

संध्याकाळी आमच्या घरी सगळ्या जमल्या. थोरल्या जावेचं म्हणणं, उद्या गेटवर जाऊन बसायचं, गाड्या अडवायच्या. काकू म्हणाल्या, "मी कळंबच्या चिंतामणीले नवस बोलतो." माझा नवरा गॅरेज चालवतो. हात पुसत दारात उभा राहून तो सगळं ऐकत होता. तो एवढंच बोलला, "चिल्लाने से पहले कागज ढूंढो. गाडीवाला बोलता है मैंने पैसा दिया, मैं बोलता हूँ नहीं दिया. फिर बिलबुक देखते हैं ना?"

"आमची बिलबुक कुठंय?" धाकटी म्हणाली.

 यवतमाळला कामगार कार्यालय आहे, पगार बुडाला तर तिथे तक्रार घेतात, एवढं त्याला एका ग्राहकाकडून ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि काकू गेलो. बाकीच्या तिघी म्हणाल्या, तुम्ही जाऊन बघा, मग आम्ही येतो.

सरकारी कार्यालयात जायचं म्हणून मी तीनदा पिशवी तपासली. काकू मात्र लग्नाला निघाल्यासारख्या इस्त्रीचं लुगडं नेसून आल्या होत्या. सरकारी कामगार अधिकारी म्हणून एक मॅडम होत्या, चाळिशीच्या आतल्याच. टेबलावर फायलींच्या मधोमध पोह्यांचा डबा उघडा होता, तो त्यांनी बाजूला सारला आणि आम्हाला बसा म्हणाल्या. मी सगळं सांगितलं. मध्येमध्ये काकू, "होय ना बाई, असंच झालं," म्हणत होत्या.

मॅडमनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत मिळायला हवा. आणि काम सुटलं की दोन दिवसांत सगळा हिशोब. म्हणजे चूक त्यांची आहे. आता सांगा, तुमच्याजवळ काय आहे?"

मी पिशवीतून पासबुक काढलं. आदल्या रात्री त्याच्यावर हात ठेवूनच झोपले होते. पासबुकात दर महिन्याला कंत्राटदाराच्या नावाने जमा झालेला पगार होता. मला वाटलं, याच्यापेक्षा मोठा पुरावा काय असणार.

मॅडमनी पानं पाहिली. "हे चांगलं आहे. तुम्ही त्यांच्याकडे कामाला होतात आणि पगार काय होता, हे यावरून कळतं. पण भाभी, ज्या महिन्यांचा पगार आला नाही, त्या महिन्यांची नोंद या पासबुकात असणारच नाही, बरोबर?"

मी पासबुक मिटलं.

"कंत्राटदार नेमकं तेच म्हणतोय. आधी होत्या, नंतर नव्हत्या. म्हणून त्या दोन महिने नऊ दिवसांत तुम्ही तिथे होतात, हे दाखवणारं काय आहे ते आधी शोधा. आणि त्यातही जे पुसलं जाऊ शकतं ते सगळ्यांत आधी. बँकेतली नोंद कुठे पळून जात नाही. मोबाइलमधलं जातं. हजेरी कशी लागायची?"

"सुपरवायझर वहीत लिहायचा," मी म्हटलं. "वही त्याच्याजवळच. रोज सकाळी त्या पानाचा फोटो काढून ग्रुपवर टाकायचा, नागपूरला कंत्राटदाराला दिसावा म्हणून."

"ग्रुपवर? मग दाखवा."

त्या क्षणी जमीन दुभंगून मला पोटात घेती तर बरं, असं झालं. मी ग्रुप काढून टाकल्याचं सांगितलं. मॅडम रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "तुम्ही काढलात म्हणून दुसऱ्यांच्या मोबाइलमधून जात नाही. घरी जायच्या आधी बाकीच्यांना फोन करा. कुणी काही पुसू नका, म्हणावं."

मी बाहेर व्हरांड्यात येऊन धाकटीला फोन लावला.

"अव, तुह्या मोबाइलमंदी कॅन्टीनचा ग्रुप आहे का?"

"आहे ना भाभी. पण मेमरी भरली म्हणते, मी आताच बसून फोटो उडवून राह्यली."

"थांब!" मी इतक्या जोरात ओरडले की शिपाई बाहेर आला. "हात नको लावू मोबाइलले! ठेव बाजूला!"

"काहून? काय झालं?"

तिने सुरुवातीपासून पुसत पुसत पगार थकलेल्या पहिल्या महिन्याचा मध्य गाठला होता. पुढचं सगळं शिल्लक होतं. आत जाऊन मी मॅडमना सांगितलं तेव्हा त्या पहिल्यांदा हसल्या.

मग त्यांनी मला एका कागदावर काय काय करायचं ते लिहून घ्यायला लावलं. फोटो आहेत तसे ठेवायचे, त्यांची तारीख दिसेल असे छापून घ्यायचे, मोबाइल विकायचा नाही. सुपरवायझरचे इतर निरोपही जपायचे, उद्या पाहुणे आहेत, गोड करा, असले. विम्याच्या कार्डाची झेरॉक्स काढायची. आणि प्रत्येकीने स्वतंत्र बसून, एकमेकींना न विचारता, आठवेल तसं लिहायचं, कोणत्या दिवशी सुट्टी घेतली, कोणत्या दिवशी जास्त थांबलो. "आज आठवतं ते महिन्याने आठवत नाही," त्या म्हणाल्या. "आणि खोटं एक दिवसही लिहू नका. एक दिवस खोटा निघाला तर साठ दिवस खोटे वाटतात."

काकू इतका वेळ ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "बाई, माह्यापाशी तर काहीच नाही. बँक नाही, कार्ड नाही. त्या वहीत तरी माह्यं नाव लिवत होता का नाही, देव जाणे. मले कोण पुसते?"

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "काकू, तुम्ही आत कशा जायच्या? गेटमधून?"

"मंग काय भिंतीवरून?"

"गेटवर काही लिहून घ्यायचे?"

"हो ना. तो वॉचमन नाव लिवे, टाइम लिवे, आन मी सयी करो."

काकू तिसरी शिकलेल्या. सही म्हणजे नावाची तीन अक्षरं, एकेक अक्षर आंब्याच्या फोडीएवढं. वॉचमन नेहमी कुरकुरायचा, आत्या, तुम्ही दोन ओळी खाता म्हणून.

"ते रजिस्टर कंपनीचं आहे. कंत्राटदाराचा हात तिथे पोचत नाही," मॅडम म्हणाल्या. "ते आणायचं काम माझं. तुम्ही फक्त अर्जात लिहा की गेटवर रोज नोंद व्हायची."

दोन दिवसांनी आम्ही पाचही जणी गेलो. अर्ज मी लिहिला होता. कंत्राटदाराचं नाव-पत्ता, कंपनीचं नाव-पत्ता, कधीपासून काम, रोजचं काम काय, पगाराचा दर, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत थकला, आणि खाली पाचही जणींची नावं आणि सह्या. कंपनीचं नाव लिहायचं का, असं मला वाटत होतं, कारण कंपनीने आमचं काही वाकडं केलं नव्हतं. मॅडम म्हणाल्या, लिहायचंच. कंत्राटदाराने पगार दिला नाही तर ज्याच्या आवारात काम केलं त्याच्यावर जबाबदारी येते. अर्जाच्या दोन प्रती केल्या. एकीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घालून ती परत माझ्या हातात आली. फी काही नव्हती. ती प्रत मी प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात कुराणशरीफच्या खालच्या फळीवर ठेवली. 

कार्यालयाची नोटीस कंत्राटदाराला पोचली असावी, कारण आठवडाभरात सुपरवायझर माझ्या दारात उभा राहिला. मी बसायला सांगितलं, पाणी दिलं. त्याने खिशातून पाच हजार काढले आणि एक छापील पावती.

"भाभी, साहेबांनी सध्या एवढे पाठवले. बाकीचे नंतर. इथे सही करा."

मी पावती वाचली. वाचायची सवय वाईट नसते. त्यात लिहिलं होतं की आजपर्यंतचा संपूर्ण व अंतिम हिशोब मिळाला, यापुढे काही मागणी नाही, तक्रार मागे घेत आहे.

"बाकीचे नंतर म्हणता, आणि इथे तर काही बाकी नाही असं लिहिलंय," मी म्हटलं.

तो खाली मान घालून म्हणाला, "भाभी, माझाही दोन महिन्यांचा पगार अडकलाय."

ते खरं होतं हे त्याच्या चेहऱ्यावरून कळत होतं. मी त्याला म्हटलं, "पाच हजार घेते. पावतीवर लिहा, थकीत पगारापैकी पाच हजार मिळाले, बाकी येणं आहे. मी आत्ता सही करते."

तसं लिहायची त्याला परवानगी नव्हती. पैसे खिशात घालून तो उठला. जाताना म्हणाला, "त्या दोघी जावांतल्या थोरलीने सही केली." मला वाटलं, भीती घालतोय. पण संध्याकाळी ती स्वतःच आली, पदरात तोंड लपवून. पोराची फी भरायची शेवटची तारीख होती.

"भाभी, मी सगळ्यांचं वाटोळं केलं का?"

"तुहं काय वाटोळं व? चहा घे आधी," मी म्हटलं, पण आतून मलाही धास्ती होती. रात्रभर विचार करण्यापेक्षा सकाळी मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, "त्यांना सांगा, काळजी करू नका. केलेल्या कामाची मजुरी अशी सही करून सोडून देता येत नाही, कायदा ते मानत नाही. मिळालेले पाच हजार वजा होतील, बाकी येणं तसंच राहील. फक्त त्या दिवशी काय झालं ते लिहून द्या." थोरली जाऊ त्या दिवसापासून जी सरळ उभी राहिली ती शेवटपर्यंत.

सुनावणीच्या पहिल्या तारखेला कंत्राटदार आलाच नाही. कंपनीकडून एक तरुण साहेब आले, मनुष्यबळ विभागाचे. आम्हाला बघून ते ओळखीचं हसले. आमच्या हातचं जेवले होते ना. पण बोलले असं: "मॅडम, या बायका आमच्या नोकर नाहीत. कंत्राटदार आणि यांच्यातला विषय आहे."

"कंत्राटदाराने दिले तर तुमचा विषय नाही," मॅडम म्हणाल्या. "त्याने नाही दिले तर द्यायचे तुम्ही, आणि त्याच्याकडून वसूल करायचे तुम्ही. त्याचं शेवटचं बिल तुम्ही दिलंत का?"

"नाही. गॅस सिलिंडरचा हिशोब लागत नाही म्हणून थांबवलंय."

"मग थांबवूनच ठेवा. आणि पुढच्या तारखेला या दोन महिने नऊ दिवसांचं गेटचं रजिस्टर घेऊन या."

साहेबांनी लिहून घेतलं. त्यांच्या खांद्यावरचं ओझं थोडं उतरल्यासारखं मला वाटलं. आपल्या पैशांना हात न लावता हे मिटेल असं त्यांना दिसलं असावं.

दुसरी तारीख जवळजवळ एका महिन्याने पडली. मधल्या काळात मी घरून डबे द्यायला लागले होते, आठ-दहा डबे, वसाहतीतल्याच पोरांचे. काकू रोज दुपारी येऊन पोळ्या लाटायच्या. पैसे देऊ केले तर रागवायच्या, मग मी डबा भरून द्यायचे. त्या दुपारी बऱ्या गेल्या. पैशांची ओढाताण होती, घरभाडं एकदा थकलं, पण स्वयंपाकघरात दोघी बसलो की हसायला काहीतरी निघायचंच.

त्या तारखेला कंत्राटदार आला, पांढऱ्या शर्टात, हातात बॅग. त्याने एक हजेरीपट काढला. कोरा करकरीत, एकाच शाईत लिहिलेला. त्यात त्या दोन महिन्यांत आमच्यापैकी फक्त दोघींची नावं होती आणि त्यांचेही दिवस निम्मे. "काम कमी होतं, बाकीच्यांना मी थांबवलं होतं," तो म्हणाला. "आणि या म्हाताऱ्या बाईंना तर मी ओळखतही नाही."

काकू खुर्चीवरून उठल्या. "मले नाही वयखत? दर महिन्याले येऊन माह्या हातच्या पोया खाऊन जात होते ना तुम्ही? सहा-सहा!"

"काकू, बसा," मॅडम म्हणाल्या. त्यांनी आधी धाकटीचे छापलेले फोटो समोर ठेवले. सुपरवायझरच्या अक्षरात, रोजच्या तारखेला, आम्हा चौघींची नावं. फोटो ज्या ग्रुपवर आला त्या ग्रुपमध्ये कंत्राटदाराचा स्वतःचा नंबर, आणि काही फोटोंखाली त्याने पाहिल्याचं म्हणून अंगठ्याचं चिन्ह टाकलेलं. तो म्हणाला, सुपरवायझरने मला न विचारता लिहिलं असेल. मॅडम म्हणाल्या, "ठीक आहे. पगार वाटल्याच्या सह्यांचं रजिस्टर दाखवा." त्या महिन्यांचं त्याच्याजवळ नव्हतं.

मग कंपनीच्या साहेबांनी कापडी पिशवीतून तीन जाड रजिस्टरं काढली. मॅडमनी पहिलं उघडलं, आमच्याकडे फिरवलं. मी आमची नावं शोधत होते, पण माझ्या आधी धाकटी ओरडली, "काकू, पाहा तुमची सयी!"

पानाच्या वरच्या भागात, सगळ्यांच्या आधी, सकाळी पाच पन्नास. वॉचमनच्या बारीक अक्षरांशेजारी दोन ओळी व्यापून बसलेली ती तीन अक्षरं. पुढचं पान, पाच पंचेचाळीस. त्याच्या पुढचं, पाच पन्नास. मॅडम पानं उलटत गेल्या आणि प्रत्येक पानावर काकू. मधे तीन दिवस नव्हत्या. आम्ही लिहून दिलेल्या कागदातही ते तीन दिवस होतेच, नातवाच्या बारशाचे.

मॅडमनी ते तीन दिवस बोट ठेवून कंत्राटदाराला दाखवले. "यांनी स्वतःहून लिहून दिलंय की या तीन दिवशी मी नव्हते. आणि तुमच्या हजेरीपटात तर बाकीच्या दिवशीही कॅन्टीनमध्ये जास्तीत जास्त दोनच बायका. सव्वाशे माणसं रोज जेवली ना? की उपाशी होती?"

कंपनीचे साहेब पटकन म्हणाले, "जेवलो मॅडम."

कंत्राटदार हजेरीपट बॅगेत परत घालायला लागला. मॅडमनी हात पुढे केला. "तो राहू द्या. फाइलला लागेल. आता सांगा, इथे मिटवायचं की मी हे प्रकरण दाव्याला पाठवू? तिथे थकीत पगाराच्या वर नुकसानभरपाईही मागता येते."

तो बाहेर जाऊन फोनवर बोलून आला. नंतरचं सगळं लिहिण्यात गेलं. काकूंचा दर काढताना मॅडम थांबल्या. पाकिटातून मिळायचे ते सरकारने ठरवलेल्या किमान वेतनापेक्षा कमी होते. "यांनाही बाकीच्यांइतकंच," असं म्हणून त्यांनी आकडा बदलला. कंपनीने कंत्राटदाराच्या अडवलेल्या बिलातून आम्हा पाचही जणींचे पैसे थेट खात्यात भरायचे, पंधरा दिवसांच्या आत, आणि भरल्याचा कागद कार्यालयात द्यायचा, असं ठरलं. थोरल्या जावेचे पाच हजार वजा झाले. कंत्राटदाराने सही केली, साहेबांनी केली, आम्ही केली. काकूंच्या सहीच्या वेळी मॅडमनी स्वतः खाली जास्त जागा सोडली.

बाहेर आल्यावर सुपरवायझर व्हरांड्यात बसलेला दिसला. त्याला कंत्राटदाराने साक्षीला आणलं होतं आणि आत बोलावलंच नव्हतं. मी त्याला म्हटलं, "भाऊ, तुमचाही पगार अडकलाय ना? कार्यालय हेच आहे. हजेरीची वही तुमच्याजवळच आहे, सांभाळा." तो हसला नाही, पण उठून आत गेला. त्याचं पुढे काय झालं ते मला नीटसं कळलं नाही. आता तो अमरावतीला असतो म्हणतात.

पैसे बाराव्या दिवशी आले. काकूंचं खातं त्याच आठवड्यात आम्ही उघडून घेतलं होतं. फॉर्म मी भरला, फोटोसाठी त्यांनी पुन्हा तेच इस्त्रीचं लुगडं नेसलं. मोबाइलवर मेसेज आला तो त्यांच्या लेकीने वाचून दाखवला. पण काकूंचा विश्वास बसेना. दुसऱ्या दिवशी मला घेऊन बँकेत गेल्या आणि पाचशे काढायची स्लिप भरायला लावली.

"एवढेच?" मी विचारलं.

"पाहतो, निघते का."

पाचशेची नोट खिडकीतून बाहेर आली. काकूंनी ती उलटीसुलटी पाहिली, उजेडात धरली. मग खिडकीतल्या पोरीला विचारलं, "पोरी, बाकीचे इथंच राह्यले तर चालते ना?" ती म्हणाली, चालतात आजी, त्यासाठीच तर खातं आहे. काकू समाधानाने बाहेर आल्या. पायऱ्यांखाली एक बाई पेरू विकत होती, तिच्याशी त्यांनी दहा मिनिटं घासाघीस केली.

नव्या कंत्राटदाराची मोहरी जळतच होती, असं कंपनीतली पोरं सांगायची. दिवाळीनंतर त्याने दोघी जावांना आणि धाकटीला कामावर घेतलं. मलाही विचारलं होतं. पण तोवर माझे डबे पंचवीसवर गेले होते आणि काकूंना सोडून जायचं मन होईना. धाकटीने कामावर जायच्या आधी नेमणुकीचं पत्र मागितलं. त्या माणसाने दोन दिवस टाळलं, तिसऱ्या दिवशी दिलं. त्याचा फोटो तिने मला पाठवला आणि खाली लिहिलं, भाभी, हा पुसणार नाही.

आता आमच्या स्वयंपाकघरात सकाळी सहाला काकू येतात. रजिस्टर नाही, सही नाही. आल्या की आधी परात ओढतात, आणि मी कणकेत पाणी जास्त घातलं असेल तर मला बोलतात.